एका सेकंदाला एक मिनिट

वाचकाचं पत्र

«माझं वय 41. सात आठवड्यांनी माझी दुसरी मॅरेथॉन आहे. पहिली 4 तास 38 मिनिटांत झाली होती. पहिला अर्धा भाग 2:08 मध्ये, दुसरा 2:30 मध्ये. गेल्या रविवारी ट्रॅकवर ग्रुपबरोबर 800 मीटरचे दहा रिपीट केले. घड्याळात 800 लावून ठेवलं होतं. पहिला 3:44, शेवटचा 3:58, सरासरी 3:50. मधे चार-पाच मिनिटं चालणं, पाणी, थोड्या गप्पा. ग्रुपमधले सगळे म्हणतात, 'यासो'च्या नियमाप्रमाणे 800 ला जितकी मिनिटं-सेकंद, मॅरेथॉनला तितकेच तास-मिनिटं, तेव्हा तू 3 तास 50 मिनिटांत येणार, बरोबर चार तासांत पोचवणाऱ्या पेसरबरोबर बिनधास्त जा. नवरा म्हणतो, 4:15 धर आणि गप्प बस. दोन महिन्यांपूर्वी हाफ 1:57 मध्ये केली, त्याच्या आसपास 5 किलोमीटर 24:45 मध्ये. आठवड्याला 40 किलोमीटरच्या आसपास पळते, सर्वांत मोठा लाँग रन 26 चा. कोणाचं ऐकू?

– ट्रॅकवरून गोंधळून आलेली»

उत्तर

तुमच्या पत्रात एक हिशेब दडलेला आहे, तो आधी करून टाकू. 3 तास 50 मिनिटांत मॅरेथॉन म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 27 सेकंद. तुमची 1:57 ची हाफ म्हणजे किलोमीटरला 5 मिनिटं 33 सेकंद. म्हणजे ग्रुपचं म्हणणं असं, की दोन महिन्यांपूर्वी 21 किलोमीटर जीव तोडून ज्या वेगाने पळालात, त्यापेक्षा सहा सेकंद जास्त वेगाने तुम्ही 42 किलोमीटर पळणार आहात. रविवारी ट्रॅकवर हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण दहा रिपीट झाल्यावर माणूस भागाकार करायच्या मनःस्थितीत नसतो.

पण म्हणून नियम खोटा, असंही म्हणणार नाही. तो नक्की काय गृहीत धरतो ते कळलं, तर तुमच्या 3:50 पैकी किती मिनिटं खरी आणि किती हवेतली हे तुमच्याच आकड्यांवरून काढता येतं.

बार्ट यासो हे तेव्हा 'रनर्स वर्ल्ड' मासिकात काम करणारे गृहस्थ. मॅरेथॉनची तयारी करताना 800 मीटरचे दहा रिपीट ते एका ठरावीक पद्धतीने करायचे: मॅरेथॉन जितक्या तास-मिनिटांत पळायची, तितक्याच मिनिट-सेकंदांत प्रत्येक 800, आणि मधे तितकाच वेळ जॉग. त्याच मासिकाचे तेव्हाचे संपादक आणि 1968 च्या बॉस्टन मॅरेथॉनचे विजेते अँबी बरफूट यांनी त्याबद्दल लिहिलं, नावही त्यांनीच चिकटवलं, आणि नियम जगभर पसरला. ही पद्धत मुळात सरावाची होती. आधी लक्ष्य ठरवायचं, मग त्या आकड्याने आठवड्याला चार रिपीटपासून सुरुवात करून एकेक वाढवत दहापर्यंत जायचं. ती उलटी फिरवून तिचं भविष्य सांगणारं यंत्र आपण सगळ्यांनी मिळून केलं.

तासांची मिनिटं कशी होतात, यातही जादू नाही. एका तासात साठ मिनिटं. तेव्हा 800 मीटर जितक्या मिनिटांत पळालात, तोच वेग तितके तास टिकवला तर अंतर होईल साठ गुणिले 800 मीटर, म्हणजे 48 किलोमीटर. मॅरेथॉन 42.195 ची. या दोन आकड्यांमधलं अंतर ही नियमाने तुम्हाला दिलेली सवलत: ट्रॅकवरचा वेग मॅरेथॉनच्या वेगापेक्षा जवळजवळ 14 टक्के जास्त असेल, एवढंच तो म्हणतो. 3 तासांचा धावपटू असो की 5 तासांचा, आठवड्याला 30 किलोमीटर पळणारा असो की 110, प्रत्येकाला तीच 14 टक्के.

आता हा 14 टक्के फरक माणसाच्या दुसऱ्या कुठल्या वेगाशी जुळतो? पीटर रीगेल नावाच्या इंजिनिअरने एका अंतराच्या वेळेवरून दुसऱ्याची वेळ काढायचं सूत्र मांडलं होतं, ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये बहुधा तेच असतं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुपटीवर आणखी सव्वाचार टक्के वाढतो, असा त्याचा ढोबळ अर्थ. त्या हिशेबाने मॅरेथॉनपेक्षा 14 टक्के वेगवान रेस शोधत मागे गेलात, तर पोचता 5 किलोमीटरला. अगदी अलगद. म्हणजे यासोचा नियम न सांगता दोन गोष्टी गृहीत धरतो. पहिली, तुमचे रिपीट तुमच्या 5 किलोमीटरच्या रेसच्या वेगाने झालेत. दुसरी, 5 किलोमीटरपासून 42 पर्यंत जाताना तुमचा वेग रीगेलच्या प्रमाणातच पडतो, त्याहून जास्त नाही. दोन्ही खऱ्या ठरल्या तर नियम छान बसतो. तुमच्या बाबतीत दोन्ही ठिकाणी फट आहे, आणि दोन्ही फटी मोजता येतात.

पहिली फट. तुमचा 5 किलोमीटरचा वेळ 24:45. त्या वेगाने 800 मीटरला लागतात 3 मिनिटं 58 सेकंद. तुमची सरासरी आली 3:50. प्रत्येक रिपीट 5 किलोमीटरच्या वेगापेक्षा आठ सेकंद पुढे, तेही दहा वेळा. हे कसं जमलं? दोन महिन्यांत थोडी सुधारणा झाली असेल, ती नाकारत नाही. पण मोठं कारण तुम्हीच लिहिलंय: चालणं, पाणी, गप्पा.

मधला जॉग ही या सेशनमधली खरी कसोटी आहे आणि नेमकी तिच्यातच सगळे सूट घेतात. चार मिनिटं पळून चार मिनिटं जॉग केला, तर हृदयाचे ठोके पूर्ण खाली येत नाहीत, श्वास थोडा उसना राहतो, आणि पुढचा 800 त्या उसनवारीवर सुरू होतो. सहाव्या-सातव्यापासून ती साठत जाते. उभं राहून किंवा चालून पाच मिनिटं घेतली की प्रत्येक रिपीट जवळजवळ ताजा सुरू होतो, आणि ताज्या अवस्थेत 800 मीटर 3 किलोमीटरच्या वेगानेही पळता येतात. तुम्ही तेच केलंत. तो सराव वाईट नाही, वेग वाढवायला चांगलाच आहे. फक्त तो या नियमाचा सराव नव्हे, त्यामुळे नियमाचं उत्तरही त्याला लागू होत नाही.

त्यातही पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत 14 सेकंदांची घसरण आहे. एवढी विश्रांती घेऊनही वेग पडत गेला, म्हणजे सुरुवात झेपण्यापलीकडची होती. बरोबर झालेल्या सेशनमध्ये दहाही आकडे दोन-तीन सेकंदांच्या पट्ट्यात राहतात आणि शेवटचा कठीण असला तरी बिघडत नाही. आकडे घसरले की सरासरी काढून उपयोग नाही. ती सरासरी अशा वेगाची असते जो तुम्ही पूर्ण सेशनभर कधीच धरला नव्हता.

आणि घड्याळ. ट्रॅकच्या वळणांवर जीपीएस गडबडतो हे बहुतेकांना माहीत असतं, पण इथे ती गडबड किती महागात पडते याचा अंदाज नसतो. नियमाचा पाडा बघा: 800 मध्ये एक सेकंद म्हणजे मॅरेथॉनमध्ये एक मिनिट. तुमच्या वेगाने चार सेकंदांत 14 मीटर होतात. घड्याळाने 786 मीटरवरच 800 झाले म्हणून पिपाणी वाजवली, तर तुमची मॅरेथॉन कागदावर चार मिनिटांनी लवकर संपली. हे झालं का, ते ओळखायला सोपं आहे. दोन फेऱ्यांनंतर तुम्ही सुरुवातीच्या रेषेवरच यायला हवं. पिपाणी दर वेळी रेषेच्या अलीकडे वाजत होती का, आठवून बघा. वाजत असेल तर घड्याळ खोटं बोलत होतं. रेषेपलीकडे वाजत असेल तर खरा वेळ तुम्हाला वाटतो त्यापेक्षा चांगला होता, तीही शक्यता धरा. ट्रॅकवर घड्याळातलं अंतर बंद करून बटणानेच लॅप घ्यावा आणि पहिल्या लेनमध्ये पळावं. दुसऱ्या लेनमधली एक फेरी सुमारे सात मीटरने लांब असते, म्हणजे दोन फेऱ्यांत पुन्हा तेच 14 मीटर, उलट दिशेने.

तर विश्रांती आणि घड्याळ, दोघांचा वाटा काढला की नियमानुसार तुमचा प्रामाणिक आकडा 3:50 नाही, 3:58 च्या जवळचा आहे. आठ मिनिटं इथेच गेली. तरीही चार तासांच्या आत आहे, असं तुम्ही म्हणाल. म्हणून दुसरी फट बघायला हवी, ती जास्त खोल आहे.

दहा रिपीटमध्ये तुम्ही जोरात पळता ते एकूण 8 किलोमीटर. शरीर ऑक्सिजन किती वेगाने वापरू शकतं, हे त्यातून चांगलं कळतं. पण मॅरेथॉनचा शेवटचा तास ऑक्सिजनवरून अडत नाही. तो अडतो स्नायूंमधला ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, संपत आल्यावर, आणि हजारो पावलांच्या आपटण्याने मांड्या आतून फाटत गेल्यावर. ग्लायकोजेन किती काटकसरीने जळतं आणि मांड्या किती मार सोसतात, हे ठरवतात आठवड्याचे किलोमीटर आणि लाँग रन. 8 किलोमीटरच्या सेशनमध्ये या दोन्हींचा प्रश्नच येत नाही. म्हणून आठवड्याला 90 किलोमीटर पळणारा आणि 40 पळणारा, दोघेही 3:58 चे दहा रिपीट अगदी सारखे करू शकतात आणि मॅरेथॉनमध्ये त्यांच्यात वीस मिनिटांचं अंतर पडू शकतं. नियमाला दोघे जुळे भाऊ वाटतात.

तुमची घसरण रीगेलपेक्षा जास्त आहे, हे तुमच्या दोन रेसमध्येच दिसतं. 24:45 च्या 5 किलोमीटरवरून रीगेलच्या हिशेबाने हाफ यायला हवी होती 1:54 च्या आत. आली 1:57. तीन मिनिटं तिथेच गळाली, तीही मॅरेथॉनची खरी अडचण सुरू होण्याआधी. आता हाफवरून पुढे जाऊ. रीगेलची सवलत पूर्ण दिली तरी 1:57 ची मॅरेथॉन होते 4:04. तुमच्या स्वतःच्या घसरणीच्या प्रमाणाने पुढे नेली तर 4:07. आणि हौशी धावपटूंच्या बाबतीत रीगेलचं सूत्र हाफपर्यंत बरं चालतं, मॅरेथॉनला मात्र फार आशावादी ठरतं. अँड्र्यू विकर्स आणि एमिली व्हर्टोसिक यांनी 2016 मध्ये हौशी धावपटूंच्या वेळा तपासल्या, तेव्हा जवळजवळ निम्म्यांच्या बाबतीत हे सूत्र दहा किंवा जास्त मिनिटांनी चुकलेलं निघालं, वेळ कमी दाखवण्याच्या बाजूने. 40 किलोमीटरचा आठवडा आणि 26 चा लाँग रन असलेली व्यक्ती त्या निम्म्यांत असण्याची शक्यता जास्तच.

तेव्हा आजच्या घडीला माझा अंदाज 4:10 ते 4:16. घरातल्या पेसरने 4:15 सांगितलं ते अंदाजाने सांगितलं असेल, पण अंदाज उत्तम आहे. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

ग्रुपमधल्या कुणाचं तरी यासो जुळलं असणार, म्हणूनच एवढा विश्वास आहे. त्यांना त्यांचं आठवड्याचं मायलेज विचारा. आणि ज्यांचं जुळलं नाही ते आपली कहाणी नियमाच्या नावाने सांगत नाहीत. ऊन होतं, पोटऱ्या आखडल्या, बूट नवे होते असं सांगतात. मी स्वतः हेच केलं. 3:20 चे दहा रिपीट झाले म्हणून 3:20 च्या वेगाने निघालो, 3:41 ला आलो, आणि वर्षभर त्या दिवशीच्या उन्हाला दोष देत होतो. नंतर जुनी डायरी उघडली तर त्या मोसमात 28 किलोमीटरच्या वर एकही रन नव्हता.

उलटी माणसंही असतात, आणि त्यांनी वाचावं म्हणून हेही लिहितो. वर्षानुवर्षं लांब आणि संथ पळणाऱ्या, ट्रॅककडे कधी न फिरकलेल्या माणसाला 800 मीटर 4:05 च्या आत जमत नाहीत, आणि तो मॅरेथॉन 3:55 ला संपवतो. त्याला नियमाने दहा मिनिटं जास्त सांगितली. अशा वेळी ट्रॅकवरचा आकडा बघून लक्ष्य खाली आणायचं कारण नाही. दोन्ही बाजूंना तपासणी एकच: नियमाचं उत्तर आणि अलीकडच्या हाफवरून काढलेलं उत्तर शेजारी ठेवा. पाचेक मिनिटांच्या आत असतील तर दोन्हींच्या मधला आकडा घ्या. त्यापेक्षा लांब असतील तर लांब रेस सांगते ते माना. हाफ पळालेलीच नसेल तर 10 किलोमीटर चालेल, मात्र मग मायलेजकडे जास्त संशयाने बघावं लागेल.

पाच तासांच्या आसपास संपवणाऱ्यांनी तर हा नियम भविष्यासाठी वापरूच नये असं माझं मत आहे. पाच मिनिटांत 800 मीटर पुष्कळांना सहज जमतात. पाच तास पायांवर राहणं हा निराळाच प्रकार आहे, आणि मधे चालायचे टप्पे असतील तर नियमाचा पायाच राहत नाही.

आता चार तासांच्या पेसरबद्दल. तो पळेल किलोमीटरला 5:41 ने, अर्ध्यावर पोचेल बरोबर दोन तासांत, म्हणजे तुमच्या हाफच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा फक्त तीन मिनिटं मागे. तुमच्या पहिल्या मॅरेथॉनचे दोन अर्धे भाग तुम्हीच लिहिलेत, त्यात 22 मिनिटांची घसरण आहे. समजा या वेळी तयारी बरी आहे, आणि 30 किलोमीटरपर्यंत पेसरला चिकटून राहिलात, मग पाय गेले आणि उरलेले 12 किलोमीटर 7:15 ने ओढले. शेवट होतो 4:19 ला. तेच पहिले 10 किलोमीटर 6:02 ने, आणि नंतर 5:55 ने शेवटपर्यंत, तर 4:11. सावकाश निघालेली बाई आठ मिनिटं आधी पोचली, आणि शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये तिने लोकांना मागे टाकलं. पेसरच्या झेंड्यामागे जाण्यात एक धोका असाही असतो, की गर्दीत घड्याळ बघायचं सुटतं आणि पहिले तीन किलोमीटर फार हलके वाटतात.

पण 4:11 सुद्धा मी कागदावरून काढलंय, तेव्हा त्याला सात आठवड्यांत दोनदा तपासून घेऊ.

पहिली तपासणी दोन आठवड्यांनी, ट्रॅकवर. दोन-तीन किलोमीटर सावकाश जॉग, मग दहा रिपीट, या वेळी पहिला मुद्दाम 4:00 ने. बटणाने लॅप, पहिली लेन. मधे पूर्ण चार मिनिटं जॉग, कितीही हळू चालेल, पण पाय पळण्याच्या हालचालीत असले पाहिजेत. चार मिनिटांत एक फेरीहून थोडं जास्त होतं, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर परत यायला थोडी जुळवाजुळव करावी लागेल. एखादा रिपीट आधीच्यापेक्षा पाच सेकंदांनी पडला तर तिथेच थांबा आणि आठवा झाला की नववा ते लिहून ठेवा, तीही माहितीच आहे. दहाही 3:57 ते 4:00 मध्ये बसले तर तुमचा 5 किलोमीटरचा वेग टिकून आहे, एवढं कळलं. यावरून 3:58 ला मॅरेथॉन हा निष्कर्ष काढायचा नाही, ते वर झालंच. सातत्याने 3:52 च्या आत बसले, जॉग करूनही, तर मात्र तुम्ही खरोखर सुधारला आहात आणि मला माझा अंदाज तीन-चार मिनिटांनी खाली आणावा लागेल. यानंतर हे सेशन रेसच्या आधीच्या दोन आठवड्यांत करू नका. त्या काळात त्याचा फायदा मिळत नाही, फक्त थकवा मिळतो.

दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची आणि कंटाळवाणी. रेसच्या तीन-साडेतीन आठवडे आधी एक 30 किलोमीटरचा लाँग रन करायचा. तिथपर्यंत 26 वरून एका झेपेत जाऊ नका, मधे एक 28 चा घ्या. त्या 30 पैकी पहिले 18 किलोमीटर गप्पा मारता येतील अशा वेगाने, मग 10 किलोमीटर 5:55 ने, आणि दोन किलोमीटर सावकाश. रेसमध्ये जे खाणार-पिणार तेच, त्याच अंतराने. आता त्या दहापैकी शेवटचे तीन किलोमीटर बघा. 5:55 चा वेग टिकला, श्वास वाढला तरी वाक्य पूर्ण बोलता येतंय, ठोके फार चढले नाहीत, तर 4:11 च्या योजनेने जा. वेग टिकला पण दात-ओठ खाऊन, किंवा ठोके सारखे वर चढत राहिले, तर 4:16. वेग 6:05 च्या पलीकडे गेला तर 4:20 ला निघा आणि 32 व्या किलोमीटरला जमत असेल तर वेग वाढवा. ट्रॅकवरच्या दहा आकड्यांपेक्षा हे तीन किलोमीटर जास्त सांगतात, कारण त्या वेळी तुमचे पाय साधारण रेसमधल्या 25 व्या किलोमीटरच्या अवस्थेत असतात.

आठवड्याचं मायलेज आता सात आठवड्यांत 40 चं 70 करायला जाऊ नका. 48-50 पर्यंत नेऊन तीन आठवडे धरलंत तरी पुरे, मग रेससाठी खाली आणायचंय. एखादा वेगाचा सराव सोडावा लागला तर तो सोडा, लाँग रन सोडू नका. मोसम संपल्यावर यासोकडे परत जायचं असेल तर मूळ पद्धतीने जा: लक्ष्य आधी, चार रिपीटपासून सुरुवात, आठवड्याला एक वाढवत.

आणि पाण्याची बाटली या वेळी सुरुवातीच्या रेषेपाशी ठेवू नका, ट्रॅकच्या पलीकडच्या सरळ रेषेवर ठेवा. म्हणजे प्रत्येक रिपीटनंतर प्यायला तिथवर जॉग करतच जावं लागेल, आणि गप्पा मारणारी मंडळी अलीकडेच राहतील.